सेल्फीत छान, कॉलवर धूसर

संध्याकाळी सात वाजता दिवाणखान्यात ट्यूबलाइट लावून फोनवर एक सेल्फी काढा. चेहरा स्वच्छ येतो, चष्म्याची दांडी आणि केसांच्या बटासुद्धा वेगळ्या दिसतात. आता तिथून न हलता, तोच फोन तसाच धरून कुणाला तरी व्हिडिओ कॉल लावा आणि पलीकडच्याला स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. त्यात चेहरा मेणाचा असल्यासारखा गुळगुळीत दिसेल, डोळ्यांखाली काळोख साचलेला असेल आणि तुम्ही हात हलवला असेल तर बोटांच्या जागी नुसता फराटा. कॅमेरा तोच, भिंग तेच, उजेडही तोच. बदलला आहे तो कॅमेऱ्याला मिळालेला वेळ.

सेल्फी काढताना उजेड कमी आहे असं दिसलं की फोन गुपचूप एकाऐवजी अनेक फोटो घेतो, ते एकावर एक नीट बसवतो आणि त्यातून एक चांगला फोटो तयार करतो. नाइट मोडमध्ये तर यासाठी एक-दोन सेकंदही जातात. कॉलमध्ये ही चैन नाही. सेकंदाला ३० चित्रं पाठवायची म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जास्तीत जास्त सेकंदाचा तिसावा भाग येतो. तेवढ्यात उजेड गोळा करायचा, चित्र साफ करायचं, दाबून लहान करायचं, पाठवायचं आणि पलीकडून येणारं चित्र उलगडून दाखवायचं. त्यामुळे सेल्फी पाहून फोन घेणाऱ्याची कॉलच्या बाबतीत हमखास फसगत होते. रोजचे ऑनलाइन वर्ग किंवा परदेशातल्या मुलांशी बोलणं यासाठी कॅमेरा निवडायचा असेल तर तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्याव्या लागतात: चित्रातले बिंदू, फोकस आणि उजेड. खोक्यावर ज्या क्रमाने त्यांची जाहिरात असते, कॉलमध्ये त्यांचं महत्त्व बरोबर त्याच्या उलट असतं.

बिंदूंचा हिशोब लवकर उरकतो. ३२ मेगापिक्सेल म्हणजे ३ कोटी २० लाख बिंदू. व्हिडिओत ज्याला १०८०पी म्हणतात त्या एका चित्रात सुमारे २१ लाख बिंदू असतात, ७२०पीमध्ये सव्वानऊ लाखांच्या आसपास आणि ३६०पीमध्ये फक्त २ लाख ३० हजार. बहुतेक कॉल ७२०पी किंवा त्याहून खालीच चालतात. वर्गात पंचवीस-तीस जण असतील किंवा नेट अडखळत असेल, तर ॲप स्वतःच ३६०पी किंवा त्याखाली उतरतं. झूमच्या माहितीनुसार दोघांच्याच कॉलमध्ये ७२०पीसाठी सेकंदाला सुमारे १.२ मेगाबिट वेग लागतो, १०८०पी पाठवायला ३.८ मेगाबिट. म्हणजे ३२ मेगापिक्सेल विकत घेऊन आपण बहुतेक वेळा त्यातला तिसावा हिस्साही पलीकडे पाठवत नाही. शिवाय ३२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात बिंदू इतके बारीक असतात की कमी उजेडात चार-चार एकत्र करून एक बनवावा लागतो, आणि फोटो मुळात ८ मेगापिक्सेलचाच तयार होतो. यात लबाडी नाही, पण तो आकडा कॉलसाठी नाही एवढं खरं. ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा कॉलसाठी पुरून उरतो.

एक अपवाद लॅपटॉपचा. लॅपटॉपचं झाकण जेमतेम काही मिलिमीटर जाड असतं, त्यात मोठं भिंग आणि मोठा सेन्सर मावत नाही. म्हणून चांगल्या महागड्या लॅपटॉपलासुद्धा वर्षानुवर्षं ७२०पीचाच कॅमेरा मिळत राहिला. ॲपलच्या मॅकबुक एअरला १०८०पी कॅमेरा मिळायला २०२२ साल उजाडलं. साठ हजारांच्या लॅपटॉपपेक्षा पंधरा हजारांच्या फोनवरून कॉल अधिक चांगला दिसतो, असा अनुभव अनेकांना येतो, त्याचं कारण हे.

फोकसची गंमत मात्र निवांत पाहण्यासारखी आहे, कारण तिथे कॅमेऱ्याची मर्यादा आणि वर्गाची गरज समोरासमोर येतात.

कोणतीही ऑनलाइन शिकवणी घ्या. सर म्हणतात, "दाखव बरं, काय लिहिलंयस." मुलगा वही कॅमेऱ्यासमोर धरतो. "अरे, काही दिसत नाही, जवळ आण." तो जवळ आणतो. सगळा पडदा पांढरा होतो, त्यावर निळ्या शाईचे पुसट ढग. "इतकी जवळ नको, जरा लांब धर." लांब धरली की अक्षरं रेखीव होतात, पण मुंगीएवढी. "सर, आता दिसतंय?" सर समंजसपणे "हं" म्हणतात आणि उत्तर काय आलं ते तोंडीच विचारतात. या संवादात दोष मुलाचा नाही, सरांचाही नाही.

बहुतेक फोनचा पुढचा कॅमेरा स्थिर फोकसचा असतो. म्हणजे त्याचं भिंग कारखान्यातच एका अंतरासाठी बसवलेलं असतं, ते पुढे-मागे सरकत नाही. ते अंतर ठरवताना माणूस हात लांब करून फोन धरतो हे गृहीत धरलेलं असतं, म्हणजे साधारण अर्धा मीटर. भिंग इतकं चिमुकलं असतं की या अंतराच्या अलीकडे-पलीकडेही बरीच जागा स्पष्ट दिसते. कॉलच्या दर्जाचं चित्र धरलं, तर सुमारे ३० सेंटिमीटरपासून एक मीटरच्या पलीकडेपर्यंत. चेहऱ्यासाठी हे उत्तम आहे. टेबलावर फोन टेकवून बसलेल्या माणसाचा चेहरा या पट्ट्यातून सहसा बाहेर जात नाही. म्हणूनच नुसत्या गप्पा मारणाऱ्याला पुढच्या कॅमेऱ्यात ऑटोफोकस आहे की नाही, याने काही फरक पडत नाही.

वहीचं गणित वेगळं. फोन आडवा धरला तर पुढचा कॅमेरा डावी-उजवीकडे सुमारे ७० अंशांचा पसारा पाहतो. ३० सेंटिमीटरवर हा पसारा होतो ४२ सेंटिमीटर रुंद. वहीचं पान २० सेंटिमीटर रुंद आहे असं धरू. म्हणजे पान चित्राची निम्मीसुद्धा रुंदी व्यापत नाही, उरलेल्या जागेत मुलाच्या मागचं कपाट आणि वाळत घातलेला टॉवेल. कॉल ३६०पीवर चालू असेल तर चित्र ६४० बिंदू रुंद असतं आणि त्यातले जेमतेम ३०० पानाच्या वाट्याला येतात. मुलाचं अक्षर ४ मिलिमीटर उंच असेल तर एका अक्षराला उभे ६ बिंदू. सहा बिंदूंत ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे काढणं कठीण, अनुस्वार आहे की नाही हे सांगणं अशक्य, आणि गणितात क्ष च्या डोक्यावरचा वर्गाचा २ तर तीनच बिंदूंत उरकलेला असतो. ७२०पी मिळालं तर हेच आकडे दुप्पट होतात, आणि बारा बिंदूंचं अक्षर कसंबसं वाचता येतं.

पान चित्रभर दिसायला हवं असेल तर ते १४ सेंटिमीटरवर आणावं लागतं. तिथे ३६०पीतसुद्धा अक्षराला बारा-तेरा बिंदू मिळतात आणि ७२०पीत पंचवीस, म्हणजे सहज वाचता येईल असं. पण स्थिर फोकसची स्पष्ट जागा ३० सेंटिमीटरपासून पुढे. जिथे अक्षर मोठं दिसतं तिथे ते धूसर, आणि जिथे रेखीव दिसतं तिथे बारीक. सरांचं "जवळ आण, लांब धर" या दोन रेघांच्या मधल्या पट्ट्यात फिरत राहतं, आणि त्या पट्ट्यात योग्य जागा नसतेच.

ऑटोफोकस असलेला पुढचा कॅमेरा इथे कामाला येतो. त्याचं भिंग एका बारीक मोटरवर बसवलेलं असतं आणि समोरची वस्तू जवळ आली की ते किंचित पुढे सरकतं. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस८ मध्ये २०१७ सालीच अशी सोय होती. आयफोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात ती २०२२ मध्ये, आयफोन १४ पासून आली. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या फोनमध्ये ती अजूनही क्वचितच दिसते, कारण मोटर आली की जाडी वाढते, खर्चही वाढतो, आणि जाहिरातीत मात्र मेगापिक्सेलच खपतात.

तुमच्या फोनमध्ये ती आहे की नाही हे माहितीपत्रकात शोधत बसण्यापेक्षा करून पाहिलेलं बरं. पुढचा कॅमेरा चालू करा आणि गोळ्यांची एखादी पट्टी, जिच्या मागे बारीक अक्षरं असतात, ती बारा-पंधरा सेंटिमीटरवर धरा. पडद्यावर पट्टीच्या जागी बोट टेकवा. अक्षरं क्षणभर फुगल्यासारखी होऊन मग रेखीव झाली, तर ऑटोफोकस आहे. बोट टेकवल्यावर चित्र फक्त उजळ किंवा काळं झालं आणि अक्षरं धूसरच राहिली, तर भिंग जागचं हलत नाही. माहितीपत्रकातच पाहायचं असेल तर पुढच्या कॅमेऱ्यासमोर AF लिहिलंय का FF, ते बघा. FF म्हणजे स्थिर. काहीच लिहिलं नसेल तर स्थिर समजावं.

आता ऑटोफोकसचं दुसरं अंग. सरकणारं भिंग चुकीच्या जागीही सरकतं. हातवारे करत शिकवणाऱ्या बाईंचा हात कॅमेऱ्याच्या दिशेने आला की काही कॅमेरे हातावर फोकस करतात, बाईंचा चेहरा धूसर होतो आणि हात खाली गेल्यावर परत यायला सेकंदभर लागतो. खोलीत उजेड कमी असला की हे जास्त होतं. साधा ऑटोफोकस ‘रेघ किती ठळक दिसते’ ते मोजत भिंग पुढे-मागे करतो, आणि काळोखात चित्रात इतके ठिपके नाचत असतात की ठळक रेघ कुठली हे त्याला कळत नाही. मग तो फोकस शोधतच राहतो आणि चित्र श्वास घेतल्यासारखं हलतं. संगणकाला यूएसबीने जोडायच्या जुन्या वेबकॅमवर हे विशेष दिसतं. अशा वेबकॅमच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोफोकस बंद करायची सोय असते. एका जागी बसून बोलायचं असेल तर चेहऱ्यावर फोकस झाला की तो बंद करून टाकावा.

वही दाखवण्यासाठीच नवा फोन घ्यायचा विचार असेल तर मी म्हणेन, थांबा. फोनच्या पाठीवरच्या मुख्य कॅमेऱ्याला ऑटोफोकस जवळजवळ नेहमी असतो. व्हॉट्सॲप, गूगल मीट, झूम या तिघांतही फोनवर कॅमेरा पालटायचं बटण आहे. वही टेबलावर सपाट ठेवावी, बाजूला पुस्तकांची चवड रचून फोन तिच्या काठावर असा ठेवावा की मागचा कॅमेरा बाहेर डोकावेल आणि वहीपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर उंच राहील, त्यावर वजनाला आणखी एक जाड पुस्तक. दिवा बाजूला, म्हणजे फोनची सावली पानावर पडणार नाही. मुलाचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि तो उदाहरण सोडवत असताना सरांना पायरी न् पायरी दिसते, हा फायदा वर. आणि झालेला गृहपाठ नुसता तपासून घ्यायचा असेल तर पानाचा साधा फोटो पाठवणं सगळ्यांत सोपं. फोटोला सेकंदाच्या तिसाव्या भागाची घाई नसते.

जाता जाता, वही उलटी दिसते ही तक्रार. स्वतःच्या पडद्यावर आपण आरशासारखे दिसतो, म्हणून अक्षरंही उलटी दिसतात. पलीकडे ती सुलटच जातात. मुलांनी वही फिरवायची काही गरज नाही.

उजेडाची गोष्ट सगळ्यांत मोठी, आणि ती आपल्याकडच्या घरांत एका ठरावीक वेळी घडते. पुण्यातली आई आणि न्यू जर्सीतला मुलगा रविवारी बोलतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. मुलगा खिडकीशी कॉफी पीत बसलेला, त्याच्या तोंडावर सकाळचा उजेड. आई सोफ्यावर, आणि ट्यूब तिच्या पाठीमागच्या भिंतीवर, कारण आपल्याकडे ट्यूब जिथे पॉइंट असेल तिथे लागते.

"आई, तुझा चेहराच दिसत नाहीये गं."

"अरे, लाइट लावलाय की! चांगला लख्ख उजेड आहे."

दोघंही खरं बोलत असतात. आपला डोळा अंधार-उजेडाशी इतक्या सहज जुळवून घेतो की खोलीत नेमका किती उजेड आहे याचा आपल्याला अंदाजच येत नाही. खिडकीजवळच्या माणसाच्या चेहऱ्यावर दिवसा हजार लक्स किंवा त्याहून जास्त उजेड सहज पडतो. ट्यूबकडे पाठ केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो तीस-पन्नास लक्स असतो, तोही समोरच्या भिंतीवरून परतून आलेला. वीसपटींहून अधिक फरक. आईला खोली लख्ख वाटते, आणि कॅमेऱ्याच्या लेखी तिन्हीसांज झालेली असते.

मग कॅमेरा काय करतो, ते पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे, कारण प्रत्येक पायरीची खूण चित्रात उमटते. पहिल्यांदा तो प्रत्येक चित्रासाठी जास्तीत जास्त वेळ घेतो. सेकंदाला ३० चित्रं असतील तर सेकंदाचे तीन शतांश. तेवढ्यात मान हलली की ती पुसट होते. तेही पुरलं नाही तर तो आलेला संकेत वाढवतो, रेडिओचा आवाज वाढवावा तसा, आणि आवाजाबरोबर खरखरही वाढते. ही खरखर म्हणजे गालांवर आणि भिंतीवर नाचणारे रंगीत ठिपके. तिसरी पायरी: अनेक कॅमेरे न सांगता सेकंदाला ३० ऐवजी १५ चित्रं घेऊ लागतात, म्हणजे प्रत्येकाला दुप्पट वेळ. बोलणं आणि ओठ यांचा मेळ तुटतो आणि लोक नेटला दोष देतात. ओळखायचं असेल तर पडद्यासमोर हात हलवा. हात तुटक उड्या मारत असेल आणि दिवा जवळ आणल्यावर त्या थांबत असतील, तर नेट निर्दोष आहे.

चौथी पायरी ठिपके पुसण्याची. फोन ठिपके आणि बारीक तपशील यांत नीट भेद करू शकत नाही, म्हणून ठिपक्यांबरोबर सुरकुत्या, भुवया आणि साडीचा पोतही पुसला जातो. सुरुवातीला म्हटलेला मेणाचा चेहरा इथे तयार होतो. एवढं करूनही जे ठिपके उरतात ते पाचव्या पायरीवर त्रास देतात. व्हिडिओ दाबून लहान करणारी यंत्रणा एका चित्रातून दुसऱ्यात काय बदललं तेवढंच पाठवते. स्थिर भिंत तिला जवळजवळ फुकटात पडते. पण भिंतीवर ठिपके नाचत असतील तर भिंत दर क्षणी बदलतेय असं तिला वाटतं, आणि मर्यादित वेगातला मोठा वाटा ती भिंतीवर उधळते. चेहऱ्याच्या वाट्याला उरलेलं येतं, म्हणून चेहऱ्यावर चौकोन उमटतात. म्हणजे अंधारात चांगलं नेटसुद्धा वाया जातं.

यावर उपाय म्हणून लोक नवा फोन घेतात. भिंगाचं तोंड किती मोठं हे f च्या आकड्याने सांगतात, आणि आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. आयफोन १३ ते १४ या बदलात पुढचं भिंग f/2.2 वरून f/1.9 वर आलं. त्याने आत येणारा उजेड वाढला सुमारे एक तृतीयांश. आता दुसरा मार्ग. नऊ वॉटचा एलईडी बल्ब लावलेला टेबलावरचा दिवा चेहऱ्यापासून अडीच मीटरवर असेल तर तो ऐंशी सेंटिमीटरवर आणा. दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी-जास्त होतो, म्हणून चेहऱ्यावर पडणारा उजेड जवळजवळ दहापट होतो. एक तृतीयांश कुठे आणि दहापट कुठे! कॅमेऱ्याच्या भिंगात अशी दहापट सुधारणा एका पिढीत कधी होत नाही. मला तरी वाटतं, महागडा फोन विकणारा आणि टेबल लॅम्प विकणारा एकाच गल्लीत असतील तर कॉलपुरता आधी दुसऱ्याकडे जावं.

दिवा नुसता जवळ आणून भागत नाही, कुठून आणता ते महत्त्वाचं. सरळ डोळ्यांत मारला तर डोळे चिंबतात आणि चष्म्यात पांढरे डाग पडतात. फोनच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून दिवा ठेवला तर भिंतच मऊ उजेडाचा मोठा पट्टा बनते. थोडा उजेड भिंतीत मुरतो, पण चेहरा छान उजळतो. भिंत लांब किंवा गडद रंगाची असेल तर दिवा एका बाजूला, डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडा वर ठेवावा. चष्म्यातला डाग गेला की समजावं जागा बरोबर आहे. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र लावू नयेत. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय हे एकदाच ठरवता येतं, त्यामुळे अर्धा चेहरा हळदीचा आणि अर्धा निळसर होतो. आणि दिवा नसेलच तर आईने सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, ट्यूबकडे तोंड करून बसावं. खर्च शून्य. सकाळच्या वर्गात हाच नियम खिडकीला लागू: खिडकी तोंडासमोर हवी, पाठीमागे असेल तर पडदा ओढून घ्यावा.

ॲपमध्ये उजेड वाढवायच्या सोयी आहेत. झूमच्या सेटिंगमध्ये Adjust for low light असं लिहिलेलं सापडेल, मीटमध्ये आणि आता व्हॉट्सॲपच्या कॉलमध्येही अशी सोय आहे. अडीअडचणीला लावायला हरकत नाही. पण आलेला उजेडच ती ताणून दाखवते, नवा उजेड आणत नाही. चेहरा उजळतो तसे ठिपकेही उजळतात आणि फोन गरम होतो. काळोखात मागचं दृश्य बदलायच्या भानगडीत तर पडूच नये, कान आणि केस अर्धवट कापले जातात.

काही घरांत पडद्यावर आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्याने प्रत्येक चित्र शतांशाच्या पटीत, म्हणजे एक, दोन किंवा तीन शतांश सेकंद घेतलं तर पट्टे येत नाहीत. अमेरिकेतून आणलेल्या लॅपटॉपवर किंवा वेबकॅमवर हे सेटिंग तिकडच्या ६० आवर्तनांवर असू शकतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 60 Hz चं 50 Hz केलं की पट्टे जातात.

आणि एक फुकटची गोष्ट, जी करायला कुणालाच सुचत नाही. पुढचा कॅमेरा नेमका कानाशी आणि गालाशी लागतो. साधा फोन करताना चेहऱ्याचा तेलकटपणा, पावडर, घाम सगळं त्याच्यावर बसतं, आणि भिंगावर पातळ साय धरते. दिवसा ती फारशी जाणवत नाही. रात्री दिव्याचा उजेड तिच्यात पसरतो आणि सगळ्या चित्रावर धुकं येतं. फोकस बिघडला म्हणून दुरुस्तीला नेलेल्या फोनमध्ये असे नुसते पुसायचे राहिलेले फोन बरेच असतात. मऊ सुती कापडाने पुसावं. पडद्यावर बसवलेल्या काचेचा काठ कॅमेऱ्यावर येत असेल, किंवा तिच्याखाली धूळ गेली असेल, तर काच बदलावी.

तरीही नवा फोन घ्यायचाच असेल तर. घरी आजी-आजोबांना बोलण्यासाठी फोन हवा असेल तर पुढच्या कॅमेऱ्याच्या ऑटोफोकससाठी जास्त पैसे मोजू नका. दिवसभर कॅमेऱ्यासमोर वस्तू धरून दाखवणाऱ्यांनी मात्र तो जरूर पाहावा: विज्ञानाच्या बाई, शिवणकाम किंवा मेंदी शिकवणाऱ्या, औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवणारे पेशंट. दुकानात सेल्फी काढून पाहू नका, तिथला उजेड घरापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि सेल्फी तर सगळेच फोन बरा काढतात. दुकानाच्या सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात, दिव्यांकडे पाठ करून उभं राहा, पुढच्या कॅमेऱ्याने अर्धा मिनिट व्हिडिओ घ्या, त्यात मान वळवा, हात हलवा, खिशातली पावती बारा-पंधरा सेंटिमीटरवर धरा. दुकानदार सिम घालू देत असेल तर तिथूनच घरी व्हिडिओ कॉल करा आणि घरच्यांना स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. तो स्क्रीनशॉट मोठा करून पाहा, आणि मग खोक्यावरचे मेगापिक्सेल वाचायचे असतील तर वाचा.